DATEDIF: जन्मतारखेवरून पूर्ण वय

एक्सेलमध्ये दोन तारखांमधले अंतर पूर्ण वर्षे, महिने आणि दिवसांत सांगणारे सूत्र. लोटस 1-2-3 या जुन्या स्प्रेडशीटशी मेळ राहावा म्हणून ते एक्सेलमध्ये ठेवले आहे. सूत्र टाइप करू लागल्यावर खाली उघडणाऱ्या यादीत हे नाव येत नाही, त्यामुळे ते अक्षर अन् अक्षर स्वतःच लिहावे लागते. कंसात आधी जन्मतारीख, मग ज्या दिवशीचे वय हवे ती तारीख आणि शेवटी अवतरणात एकक, असा क्रम असतो. क्रम उलटला तर `#NUM!` येते.

महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाचे वय 31 डिसेंबरला सहा वर्षे पूर्ण असावे लागते. पुष्कळ जण तारखांची वजाबाकी करून 365 ने भागतात. 1 जानेवारी 2020 ला जन्मलेल्या मुलाचे 31 डिसेंबर 2025 पर्यंत 2191 दिवस होतात आणि भागाकार सहाच्या किंचित वर जातो. मूल पात्र दिसते, पण त्याचा सहावा वाढदिवस दुसऱ्या दिवशी आहे. मधल्या दोन लीप वर्षांचे दोन जादा दिवस भागाकारात मिसळले. DATEDIF असे भागत नाही, वाढदिवस आला की नाही तेवढेच पाहते, आणि या मुलाचे वय 5 वर्षे 11 महिने 30 दिवस देते.

B2 मध्ये जन्मतारीख आणि D1 मध्ये संदर्भ तारीख असेल, तर वर्षे आणि महिने असे मिळतात:

```
=DATEDIF(B2,$D$1,"Y")
=DATEDIF(B2,$D$1,"YM")
```

`"Y"` म्हणजे पूर्ण झालेली वर्षे. `"YM"` म्हणजे ती वगळून उरलेले पूर्ण महिने. `"M"` लिहिले तर जन्मापासूनचे सगळे महिने एकत्र येतात. संदर्भ तारखेच्या जागी `TODAY()` घालणे टाळावे. यादी पुढच्या आठवड्यात उघडली की सगळी वये बदललेली असतात, आणि अर्ज तपासताना कोणत्या दिवशीचे वय धरले होते ते कळायला मार्ग उरत नाही.

उरलेल्या दिवसांसाठी `"MD"` हे एकक आहे, पण त्यावर विसंबू नये. खुद्द मायक्रोसॉफ्टच ते न वापरण्याचा सल्ला देते. जन्म 31 जानेवारी 2019 आणि संदर्भ 1 मार्च 2025 घेतले, तर वर्षे 6, महिने 1 आणि दिवस उणे 2 असे उत्तर येते. एक तारीख एकतिसापेक्षा लहान असल्याने सूत्र मागच्या महिन्यातल्या, म्हणजे फेब्रुवारीतल्या, 31 तारखेपासून मोजू लागते. फेब्रुवारी 28 दिवसांचा, म्हणून ती ‘31 फेब्रुवारी’ 3 मार्चवर जाऊन पडते, आणि 1 मार्च तिच्या दोन दिवस आधी आहे. याच संदर्भ तारखेला 30 तारखेचा जन्म असेल तर उणे 1 येतो आणि 29 चा असेल तर 0. उणे चिन्ह निदान नजरेत भरते. शून्य मात्र बिनबोभाट निघून जाते, म्हणून खरा धोका त्याचाच.

शाळेच्या यादीत ही चूक उघडकीस येत नाही, कारण संदर्भ तारीख 31 असली की मागच्या महिन्याकडे जाण्याची वेळच येत नाही. तोच तक्ता दुसऱ्या कामासाठी 1 मार्चला लावला की दोष वर येतो. म्हणून दिवस असे काढावेत:

```
=$D$1-EDATE(B2,DATEDIF(B2,$D$1,"M"))
```

यात जन्मतारखेत सगळे पूर्ण महिने मिळवून जी तारीख येते, ती संदर्भ तारखेतून वजा होते. `EDATE` फेब्रुवारीत 28 वरच थांबते, म्हणून वरच्या उदाहरणात 1 दिवस मिळतो. उत्तर तारखेच्या रूपात दिसले तर त्या खान्याचे स्वरूप ‘जनरल’ करावे.

तरी 29 फेब्रुवारीचा जन्म अडतोच. 29 फेब्रुवारी 2004 ला जन्मलेल्या व्यक्तीचे वय 28 फेब्रुवारी 2022 ला 17 वर्षे 11 महिने 30 दिवस येते आणि 1 मार्चला 18 वर्षे 0 महिने 1 दिवस. अठरा वर्षे शून्य दिवस हा टप्पा येतच नाही. अशा व्यक्तीचा वाढदिवस कोणता धरायचा, हे संबंधित नियमावरून ठरवावे.

सूत्र बरोबर असूनही वय चुकते ते बहुधा तारखेमुळे. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर 25/06/2019 ही तारीख मजकूर म्हणून खान्याच्या डाव्या कडेला राहते आणि सूत्र `#VALUE!` देते. 05/06/2019 मात्र गुपचूप 6 मे होते आणि कुठलीही सूचना मिळत नाही. म्हणून तारखांचा रकाना काही वेळ महिन्याचे नाव दिसेल अशा स्वरूपात आणून दाखल्यांशी ताडून पाहावा. जन्मतारखेचा खाना रिकामा राहिला तर सूत्र 1900 सालच्या आरंभापासून मोजते, आणि यादीत सव्वाशे वर्षांचे मूल दिसते.