चक्क्यास पाणी का सुटते व तो कणीदार का होतो

चैत्र शुद्ध प्रतिपदेच्या नैवेद्यासाठी श्रीखंड करण्याची प्रथा बडोद्यातील मराठी घरांत व देवस्थानांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आपले गुजराती शेजारी चक्क्याला 'मस्को' म्हणतात. नाव कोणतेही असले तरी अडचण एकच आहे. दोन लिटर दुधाचे श्रीखंड घरी सहसा बिघडत नाही. वीस किंवा चाळीस लिटरांचे करावयास घेतले की कधी चक्का पातळ होतो, तर कधी जिभेला कण लागतात. मुदपाकखान्यात सेवा करणाऱ्या भाविकांनी याविषयी वारंवार विचारणा केल्यामुळे ही माहिती येथे देत आहोत.

प्रथम एक प्रसंग सांगणे उचित होईल. काही वर्षांपूर्वी पाडव्यासाठी म्हशीचे चाळीस लिटर दूध दोन पातेल्यांत निम्मे निम्मे विरजले होते. पहिल्या पातेल्यातील दूध पिशव्यांचे होते. ते पाश्चराइज्ड आहे, म्हणून पुन्हा तापविण्याची गरज नाही, अशा समजुतीने केवळ कोमट करून त्यास विरजण लावले. दुसऱ्या पातेल्यातील दूध व्यवस्थित उकळले होते. परंतु वेळ कमी उरल्याने ते बोटाला चटका बसेल इतके गरम असतानाच त्यात दुप्पट विरजण घातले आणि पातेले चुलीच्या उबेस ठेवले. सकाळी दोन्ही दही एकेका मोठ्या पंचात बांधून टांगले. रात्री पहिल्या गाठोड्यातून नऊ किलोंहून अधिक चक्का निघाला, पण तो मऊ व ओला होता आणि गाठोड्याखालचे पाणी ताकासारखे पांढरे होते. दुसऱ्यातून सात किलोही निघाला नाही. तो कोरडा, आंबट व रव्यासारखा होता. दूध त्याच जातीचे, फडके तेच, टांगण्याची जागाही तीच. दोन्ही दोष गाठोडे बांधण्यापूर्वीच दह्यात आले होते. फडक्याने पहिल्यात थोडी भर घातली इतकेच.

असे का झाले, हे कळण्यासाठी दुधातील प्रथिनांविषयी थोडे जाणून घ्यावे लागते. दुधातील सुमारे 80 टक्के प्रथिन केसीन असते. आंबटपणा वाढला की केसीनचे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून जाळे तयार होते; दही लागणे म्हणजे हे जाळे बांधले जाणे. उरलेली सुमारे 20 टक्के प्रथिने पाण्यात विरघळलेली असतात आणि दही गाळले की पाण्याबरोबर निघून जातात. दूध पुरेसे तापविले तर मात्र या दुसऱ्या प्रथिनांची घडी उलगडते आणि ती केसीनच्या कणांना जाऊन चिकटतात. मग जे जाळे बनते ते दाट व बारीक वीण असलेले असते, आणि पाणी धरून ठेवते. यासाठी दूध 85 अंश सेल्सिअसला अर्धा तास किंवा 90 ते 95 अंशांना पाच ते दहा मिनिटे राहावे लागते. डेअरीतील पाश्चरीकरणात दूध साधारण 72 अंशांना केवळ पंधरा सेकंद असते. रोगजंतू मारण्यास ते पुरेसे आहे, पण चक्क्याच्या कामास अजिबात पुरत नाही. पिशवीचे दूध असले तरी ते उकळी येऊ देऊन पुढे मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे ढवळत ठेवणे अवश्य आहे. पहिल्या पातेल्यात हेच राहून गेले. दह्याचे जाळे दुबळे राहिले, बांधताना मोडले, त्याचा चिखल फडक्याच्या छिद्रांत बसला आणि पाणी आतच अडकले.

दुसऱ्या पातेल्यातील दोष याच्या उलट जातीचा आहे. उष्णता व विरजण दोन्ही अधिक असली की आंबटपणा फार वेगाने वाढतो. प्रथिनांच्या कणांना नीट ओळीत बसून बारीक वीण घालण्यास सवड मिळत नाही; ते घाईने मोठमोठ्या पुंजक्यांत गोळा होतात. पुंजक्यांमध्ये मोठ्या पोकळ्या राहतात, त्यांतील पाणी चटकन निघून जाते आणि पुंजके आक्रसून घट्ट होतात. जिभेला लागतात ते हेच कण. असे दही पातेल्यातच ओळखता येते: ते पातेल्याच्या कडेपासून सुटलेले असते, वर हिरवट पाणी साचलेले असते आणि पळी घातली असता लोण्यासारखी गुळगुळीत चीर न पडता खडबडीत ढेकूळ निघते. अशा दह्याचा चक्का करू नये, कारण पुढे कितीही घोटले तरी तो कण पूर्णपणे जात नाही.

तेव्हा दूध उकळून झाल्यावर पातेले थंड पाण्याच्या मोठ्या घंगाळात ठेवावे, अधूनमधून ढवळावे आणि वर धरलेली साय विरजण लावण्यापूर्वी काढून घ्यावी. सायीचे तुकडे दह्यात राहिले तर चक्क्यात त्यांचे चिवट पापुद्रे होतात. दूध 32 ते 35 अंशांवर येऊ द्यावे. थर्मामीटर असणे उत्तम. नसल्यास मनगटाच्या आतील बाजूस थेंब टाकला असता तो ना गरम ना गार वाटावा. वीस लिटरांस चैत्रात 250 ग्रॅम विरजण पुरते. थंडीत 400 ग्रॅमपर्यंत घ्यावे. विरजण ताजे, गोडसर दह्याचे असावे. ते वाटीभर दुधात गुठळी न राहील असे घोटून गाळून घालावे, कारण न फुटलेली गुठळी आपल्याभोवती आंबट ढेकूळ तयार करते. यानंतर पातेले हलवू नये. रात्री दहाच्या सुमारास विरजलेले दूध पहाटेपर्यंत लागते. दही अधमुरे असताना, अर्थात नुकतेच जेमतेम घट्ट झालेले असताना, बांधण्याची घाई करू नये. आणि आंबट होईपर्यंत थांबूही नये. लागल्याबरोबर पातेले पुन्हा थंड पाण्यात किंवा शीतपेटीत दोन तास ठेवावे. गार झालेले दही फडक्यात ओतताना कमी मोडते.

आता बांधणे. वीस लिटरांचे दही एका पंचात बांधणे ही फार मोठी चूक आहे. बाहेरचा थर लवकर सुकून त्याची साल धरते, साल धरली की पाण्याची वाट बंद होते आणि गाठोड्याच्या पोटात दहा तासांनंतरही दहीच असते. मग सेवेकरी वरून दाब देतात किंवा पिळतात. त्याने पाण्यापेक्षा चक्काच अधिक बाहेर येतो. पाच पाच लिटरांची चार गाठोडी करावीत, फडके ओले करून घट्ट पिळलेले, स्वच्छ मलमलीचे असावे. दोन तासांनी प्रत्येक गाठोडे सोडून कडेचा सुकलेला थर चमच्याने खरवडून मध्ये घालावा आणि पुन्हा बांधावे. चैत्रातील बडोद्याच्या दुपारी हवा चाळीस अंशांजवळ जाते. अशा हवेत टांगलेले दही आंबतच राहते आणि रात्रीपर्यंत कणीदार होते. म्हणून शक्य असेल तर गाठोडी चाळणीवर ठेवून चाळणी खोल भांड्यासह शीतपेटीत ठेवावी. थोडा वेळ अधिक लागतो, पण चव टिकते.

खाली पडणाऱ्या पाण्याकडे लक्ष द्यावे. ते स्वच्छ व पिवळसर हिरवे असेल तर सर्व ठीक चालले आहे. पांढरे गढूळ येऊ लागले तर दही नीट लागलेले नाही किंवा फडके विरळ आहे. स्वच्छ पाणी पुऱ्यांची कणीक भिजविण्यास उत्तम. ते टाकून देऊ नये.

चक्का तयार झाला की नाही हे हाताने दाबून सांगणारे जाणकार आहेत, तथापि वजनकाट्याइतका भरवसा दुसऱ्या कशाचा नाही. म्हशीच्या वीस लिटर दुधात साधारण 3.3 किलो घन भाग असतो. त्यातील सुमारे पाऊण किलो, मुख्यतः दुग्धशर्करा, पाण्याबरोबर जातो. उरलेला अडीच किलो घन भाग आठ किलो चक्क्यात असेल तर तो 32 टक्के भरतो, आणि श्रीखंडास हाच चक्का योग्य. काट्यावर दहा किलो दिसले तर दोन लिटर पाणी अजून आत आहे असे समजावे व गाठोडी तशीच राहू द्यावीत. गाईच्या दुधास हा हिशेब लागू होत नाही. त्यात घन भाग कमी असल्याने चक्काही कमी उतरतो.

साखरेविषयी अनेकांचा गैरसमज आहे की साखरेने श्रीखंड पातळ 'केले'. साखर फक्त चक्क्यातील उरलेल्या पाण्यात विरघळून पाक करते. पाणी जास्त असेल तर पाकही जास्त. म्हणून वजन पाहिल्याखेरीज साखर घालू नये, कारण एकदा साखर मिसळल्यावर पुन्हा टांगले तर पाकच गळून जातो. अशा वेळी ताजा घट्ट चक्का मिसळणे हा एक उपाय, नाहीतर त्या श्रीखंडाचे ताक घालून पीयूष करावे. साखर मिसळण्यापूर्वी चक्का पातळ वाटला तर मात्र तो पुन्हा स्वच्छ फडक्यात थंड जागी दोन-तीन तास ठेवल्यास बहुधा सुधारतो.

श्रीखंडात कण लागलाच तर तो कशाचा आहे हे आधी ओळखावे. चिमूटभर जिभेवर घेऊन मिनिटभर थांबावे. विरघळून गोडी आली तर तो साखरेचा कण आहे. तासभर झाकून ठेवून पुन्हा पुरणयंत्रातून काढले की काम भागते. वितळून टाळूला तुपकटपणा राहिला तर ते लोणी आहे. उबदार चक्का मिक्सरमध्ये फिरविला की स्निग्धांश वेगळा होऊन हे घडते. पुढील खेपेस चक्का गार ठेवून हातानेच फेटावा. कण विरघळतही नाही, वितळतही नाही, दाताखाली किंचित रबरासारखा लागतो, तर तो दह्यातूनच आलेला प्रथिनांचा पुंजका आहे. बारीक तारेच्या चाळणीतून दोनदा घासून त्यात थोडी ताजी साय घातल्यास तो कमी जाणवतो, नाहीसा होत नाही. केशराचे दूधही गार करूनच मिसळावे. कढत दूध ओतल्यास नेमके त्याच ठिकाणी असे कण नव्याने धरतात.