काळी, पांढरी आणि मळीची

भाईंदरच्या वाइन शॉपच्या काउंटरवर रम रंगाने मागतात: ‘पांढरी द्या’, नाहीतर ‘काळी क्वार्टर’. मधली सोनेरी सहसा ब्रँडच्या नावानेच मागितली जाते. कशापासून केलेली, हे मात्र कुणी विचारत नाही. रमची चव निम्मी तिथेच ठरते आणि आपल्या भाषेत त्यासाठी शब्द केव्हाचे तयार आहेत.

उसाचा रस आटवत नेला की गूळ होण्याच्या आधी थांबलेला दाट पाक म्हणजे काकवी. यात उसाची सगळी साखर असते. कारखान्यात मात्र रसातून साखरेचे दाणे काढून घेतात आणि जे काळं, चिकट द्रव उरतं ती मळी. हिच्यातही निम्म्याच्या आसपास साखर असते, पण ती आता दाणा धरत नाही. ‘मळ’ या शब्दाशी तिचं नातं उघड आहे. शेतात खत म्हणून टाकतात तो कारखान्यातला गाळही बोलण्यात मळीच, पण डिस्टिलरीत जाते ती पातळ मळी. गंमत म्हणजे कन्नडमध्ये मळीला ‘काकंबी’ म्हणतात. म्हणजे सीमेपलीकडे तोच शब्द उरलेल्या द्रवाला आणि अलीकडे भाकरीशी खायच्या काकवीला.

इंग्रजी ‘मोलॅसिस’ हा पोर्तुगीज ‘मेलासू’वरून आला आणि त्याचं मूळ लॅटिन ‘मेल’, म्हणजे मध. साष्टी बेटावर, म्हणजे आजच्या भाईंदर-उत्तन परिसरावरही, 1739पर्यंत पोर्तुगीजांचं राज्य होतं. त्यांच्याकडून आपण पाव, बटाटा, चावी घेतली, पण मेलासू घेतला नाही. घरात काकवी असताना तो घ्यायचा कशाला?

‘रम’चं मूळ बहुधा ‘रंबुलियन’मध्ये आहे. हा शब्द सतराव्या शतकात बार्बाडोस बेटावर तिथल्या ऊसमळ्यांच्या दारूसाठी वापरात होता आणि इंग्लंडच्या बोलीत त्याचा अर्थ होता दंगा. आपल्याकडची नावं याहून शिस्तीची. मनुस्मृतीत गुळाच्या सुरेला ‘गौडी’ म्हटलंय. वैद्यकाच्या ग्रंथांत उसाच्या रसाचा ‘सीधु’ येतो आणि त्याचेही दोन प्रकार: शिजवलेल्या रसाचा पक्वरस, कच्च्या रसाचा शीतरस. ही आंबवलेली पेयं, आजची रम नव्हे. पण दारूला नाव द्यायचं ते कच्च्या मालावरून, हा विवेक त्यात आहे.

तो विवेक आज फ्रेंचांकडे आहे. मार्टिनिक बेटावर ताज्या रसाच्या रमला ‘अ‍ॅग्रिकोल’, म्हणजे शेतातली, म्हणतात. मळीची ती कारखान्यातली. ताजा रस टिकत नाही. रसवंतीतला ग्लास दुपारपर्यंत ठेवून पाहा, काळवंडून आंबूस होतो. म्हणून रसाची रम ऊसतोडीच्या हंगामातच आणि गाळल्या गाळल्या आंबवायला घालून करावी लागते. मळी टाकीत महिनोन्महिने राहते, स्वस्तही पडते. म्हणूनच 1954 साली बाजारात आलेल्या ओल्ड माँकपासून आपल्या बहुतेक रम मळीच्या. रसाची कामिकारा ही हरयाणाच्या इंद्रीतली, 2022ची. नाव संस्कृत ‘चामीकर’, म्हणजे सोनं. रोमन लिपीतून परत येताना ‘च’चा ‘क’ झाला, एवढंच.

मग रंग काय सांगतो? फार थोडं. भट्टीतून उतरलेली कुठलीही रम पाण्यासारखी नितळ असते. पिंपात राहिली की सोनेरी होते, आणि पिंपात न जाताही कॅरॅमल घातलं की काळी होते. उलट पिंपातली रम कोळशातून गाळून पुन्हा पांढरी करता येते. लेबलवर कॅरॅमलचा उल्लेख असेल, तर रंगावरून वयाचा अंदाज बांधू नये.

आता कॉकटेल. डायकिरी घ्या: 60 मिली रम, 25 मिली कागदी लिंबाचा रस, 20 मिली साखरेचा समभाग पाक, बर्फासोबत जोरात हलवून गाळलेलं. मळीच्या पांढऱ्या रमने लिंबू पुढे राहतं आणि मद्य मागून येतं. काळी घातली तर रंग गढूळ होतो आणि जळक्या साखरेची, व्हॅनिलाची चव लिंबावर बसते. तिला आलं हवं, कोला हवा, किंवा पाकाऐवजी थोडी काकवी. रसाच्या पांढऱ्या रमला ओल्या गवताचा, कापलेल्या उसाचा वास येतो. तिच्यात पाक 10 मिलीवर आणा, नाहीतर तो वास गोडाखाली दबतो. सोनेरी दोन्हींकडे चालते, पण डायकिरीत तिचं पिंप वाया जातं, असं माझं मत.

एकच बाटली घ्यायची तर मळीची पांढरी घ्या, लिंबापासून नारळपाण्यापर्यंत कशातही चालते. रसाची महाग पडते, ती दुसरी बाटली असावी. आणि महाराष्ट्रात रमसाठी वयाची पंचवीस वर्षं पूर्ण हवीत, परवानाही लागतो.