तळटीप १७ : ‘ज़ाल्लीन’वर अडणे

१७. ‘ज़ाल्लीन’वर अडणे : कुराणाच्या ‘फातिहा’ या पहिल्या सूऱ्याचा हा अंत्य शब्द असून, प्रौढ वयात पठणाचा कायदा, म्हणजे तज्वीद, शिकू लागलेल्या पुणेकर विद्यार्थ्याची येथे दुहेरी परीक्षा होते. आद्य वर्ण आपल्याकडे ‘ज़्वाद’ म्हणवतो. तो आपला ‘द’ही नव्हे व उर्दूतला ‘ज़’ही नव्हे. दमास्कसचे इब्न अल्-जज़री (१३५०–१४२९) यांनी ज्या सतरा उच्चारस्थानांची, अर्थात मखरजांची, गणना केली, त्यांपैकी या वर्णाचे स्थान जिभेची कड व वरच्या दाढा यांच्या संयोगात आहे. जिभेचे टोक दातांना टेकले की ‘द’ उमटला असे समजावे. शिवाय जिभेचा मागील भाग उचललेला नसेल तर वर्णाचा जाडपणा लोपतो.

पुढील ‘आ’ हा मद्द, म्हणजे दीर्घीकरण. सामान्य मद्द दोन हरकतींचा, आपल्या दीर्घ स्वराच्या दोन मात्रांइतकाच. परंतु येथे त्याच्या लगोलग, त्याच शब्दात, द्वित्त ‘ल्ल’ येत असल्यामुळे तो सहा हरकतींपर्यंत लांबविणे अनिवार्य ठरते, व ही मोजदाद उस्ताद बोटे मिटून करवितात. थांबताना ‘ली’ मात्र दोन, चार वा सहा हरकतींची चालते. निवडलेले मान त्या बैठकीत बदलू नये, इतकेच. नवशिके बहुधा उलट करतात : ‘आ’ आखडतात, श्वास राखून ठेवतात आणि तो सारा ‘ली’वर खर्चतात.