पाटावर बसलेला पाहुणा

वैदिक यज्ञाला मूर्ती लागत नसे. देवाचा वाटा अग्नीत टाकायचा आणि अग्नीनं तो पोचवायचा. आपण घरी करतो त्या पूजेत देव समोर पाटावर बसलेला असतो. त्याचे पाय धुवायचे, त्याला न्हाऊ घालायचं, कपडे द्यायचे, जेवू घालायचं. हा क्रम आला कुठून?

आश्वलायन गृह्यसूत्रात आचार्य, राजा, सासरा असा मानाचा पाहुणा घरी आला की काय करायचं ते सांगितलं आहे. बसायला दर्भाचं आसन, पाय धुवायला पाणी, मग अर्घ्य, आचमनाला पाणी आणि शेवटी दह्यात मध कालवलेला मधुपर्क. आवाहनानंतरचे आपले पहिले चार उपचार हेच: आसन, पाद्य, अर्घ्य, आचमनीय. त्याच ग्रंथात श्राद्धाला बोलावलेल्या ब्राह्मणांना गंध, माळा, धूप, दीप आणि वस्त्र द्यायला सांगितलं आहे. म्हणजे पूजेचा मधला भागही तयारच होता. त्यावर पुरुषसूक्ताच्या सोळा ऋचा एकेक करून बसवलेल्या दिसतात. ते सूक्त सृष्टीच्या उत्पत्तीचं. पाय धुण्याशी किंवा जानव्याशी त्याचा संबंध ओढूनताणूनच लागतो. म्हणून मला वाटतं, पाहुणचार आधीचा आणि मंत्र नंतरचे.

पाहुणा आहे म्हणूनच काही नियमांचा उलगडा होतो. देव्हाऱ्यातल्या नित्याच्या देवांना आवाहन नसतं आणि विसर्जनही नसतं, कारण ते घरचेच. ही दोन्ही लागतात ती गणेश चतुर्थीला आणलेल्या मातीच्या मूर्तीला. तिला न्हाऊ घातलं तर माती विरघळेल, म्हणून दूर्वेनं किंवा फुलानं नुसतं पाणी शिंपडायचं. वस्त्र हाताशी नसेल तर कापसाचं चालतं, तेही नसेल तर अक्षता.

फूल हा श्राद्धातल्या त्या माळेचाच वारसा. सन्मान म्हणून द्यायचं. म्हणून वास घेतलेलं, खाली पडलेलं फूल चालत नाही: पाहुण्याला वापरलेली वस्तू कोण देईल? पंचामृतस्नान झालं की देवाला गंधफूल वाहतात आणि अभिषेकाआधी तेच फूल काढून, हुंगून उत्तरेकडे टाकतात. मघाशी ज्याचा वास घ्यायची मनाई, ते आता मुद्दाम हुंगायचं, कारण आता ते निर्माल्य झालं, देवानं वापरून आपल्याला दिलं.

दिव्याचं कूळ मात्र दुहेरी आहे. बाजूला तेवणारी समई पूजेची साक्षीदार. तिला आधी गंधफूल वाहायचं आणि पूजा संपेपर्यंत विझू द्यायची नाही. ओवाळायचं ते तुपातल्या फुलवातीचं निरांजन वेगळं. त्याचं नाव थेट राजाच्या सैन्यातून आलं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आश्विनातल्या नवमीला घोड्यांचं नीराजन करायला सांगितलं आहे आणि वराहमिहिराच्या बृहत्संहितेत या विधीवर एक अख्खं प्रकरण आहे. घोडे, हत्ती आणि शस्त्रं यांच्यावरचं अरिष्ट उतरवण्यासाठी हा विधी होता. आपण मुलाला वाढदिवसाला ओवाळतो आणि देवाला ओवाळतो ते एकाच हातानं, यात मला काही विसंगत वाटत नाही. लाडक्या माणसाची दृष्ट काढावी तशीच देवाचीही काढायची.

पाहुणचार सगळ्यात ठसठशीत दिसतो तो नैवेद्यात. जमिनीवर पाण्यानं चौकोन काढून त्यावर ताट ठेवायचं. स्वयंपाक आधी चाखायचा नाही, आणि पुष्कळ घरांत या ताटात मीठ वाढत नाहीत. तुळशीचं पान ठेवून ताटाभोवती पाणी फिरवायचं आणि प्राण, अपान, व्यान, उदान, समान या पाच वायूंच्या नावानं घास दाखवायचे. पहिले घास या पाच प्राणांना द्यायची कल्पना छांदोग्य उपनिषदात आहे, आणि जुन्या पद्धतीनं जेवायला बसणारा माणूस स्वतःही हेच करतो. देवाला वेगळं काही नाही. मध्ये प्यायला पाणी, शेवटी उत्तरापोशन, मग हात-तोंड धुवायला पाणी. आणि त्यानंतर ‘करोद्वर्तनार्थे’ चंदन: जेवून तुपकट झालेल्या हातांना चोळायला. प्रत्यक्षात गंधात बुडवलेलं एक फूल वाहतात, म्हणून ते लक्षातच येत नाही. पण यजमानानं पाहुण्याच्या हातांचा तेलकटपणाही ध्यानात ठेवला आहे. मग तांबूल.

उष्ट्याला आपल्याकडे किती सोवळं, हे सांगायला नको. देवाचं उष्टं मात्र त्याला अपवाद. ताटातलं अन्न पुन्हा पातेल्यांत मिसळतात आणि सगळ्यांना वाढतात. सत्यनारायणाचा शिरा सव्वा मापानं करतात. पंगत कितीही मोठी असली तरी त्यातलं चमचाभर का होईना, दाराशी आलेल्या प्रत्येकाच्या तळहातावर पडलंच पाहिजे, मग तो ओळखीचा असो वा नसो.