उघाडी कोणाची?

ऐरोली गावात खाडीच्या बाजूला आज जिथे सेक्टरचे रस्ते आहेत, तिथे माझ्या आजोबांच्या तरुणपणी खारभूमीची भातशेती होती. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध आणि त्या बांधाच्या पोटात दगडी मोरीवर बसवलेली उघाडी. उघाडी म्हणजे वरच्या कडेला बिजागरी असलेलं, खाडीकडे उघडणारं लाकडी दार. भरती चढली की खाडीचंच पाणी ते दार दाबून बंद करी. ओहोटी लागली की शेतात साठलेलं पावसाचं पाणी आतून रेटा देऊन ते उघडी. माणसाने रोज काही करायचं नसे. पण एखादा ओंडका फटीत अडकला किंवा दारासमोर गाळ चढला तर सगळा खेळ बिघडे. म्हणून पावसाळ्यात उधाणाच्या दिवशी कुणीतरी दाराशी हजर असलंच पाहिजे, हा गावकीचा नियम.

आजोबा अशा राखणीला जात. दार नीट लागलंय की नाही हे ते अंधारातही ओळखत. आतल्या बाजूला बारीक धार वाहताना ऐकू आली की दार चिकटलं नाही. मग पाण्यात उतरायचं, हाताने फट चाचपायची आणि अडकलेली काडी ओढून काढायची. खेकड्यांच्या बिळांनी बांध पोकळ होऊन खांड पडली, तर दवंडी होई. घरटी एक माणूस आणि एक पेंढ्याचा भारा. पाटील, पंच, कोळी, आगरी सगळे त्या खांडीवर. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं पीक हाती लागत नसे, त्यामुळे दवंडी ऐकून घरात कुणी बसत नसे.

पण गावाची ताकद खांडीपुरतीच होती, हेही आजोबाच सांगत. बांध लांबवर फुटला, तर तो पुन्हा घालायला पैसा गावाकडे नसे. 1948 साली मुंबई राज्याने खार जमिनींचा कायदा केला आणि बांध-उघाड्यांच्या बांधकाम-डागडुजीत सरकार उतरलं. नुकसानीची नोंद मात्र ठाण्याच्या मामलेदार कचेरीत. जबाबदारीच्या तीन पायऱ्या तेव्हाही होत्या: दाराशी गाव, कागदाशी जिल्हा, पैशाशी राज्य. फरक एवढाच की दाराशी कोण, याबद्दल कुणालाही शंका नव्हती.

पुढे 1970 साली सिडको आली, जमिनी गेल्या, भातशेतीवर भराव पडला. भराव मोठ्या भरतीच्या पातळीइतका उंच घालणं फार खर्चाचं, म्हणून नेदरलँडची पद्धत घेतली. शहराचे नाले एका धारण तलावात सोडायचे आणि तलावाच्या खाडीकडच्या तोंडाला झडपेची दारं बसवायची. भरतीला दारं बंद, पाऊस तलावात साठतो. ओहोटीला दारं उघडतात, तलाव रिकामा होतो. आजोबांना हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “ही तं आपलीच उघाडी.” त्यांचं खरं होतं.

26 जुलै 2005 ला या रचनेची परीक्षा झाली. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस, त्याचा मोठा भाग दुपारनंतरच्या काही तासांत कोसळलेला. त्या दिवशी सकाळीच आजोबांनी ओटीवर बसून हिशेब केला होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा खाडीकाठचा आडाखा. गुरुपौर्णिमा होऊन पाच दिवस झालेले, तिथी पंचमी-षष्ठीच्या हद्दीवर. म्हणजे भरती पावणेचार ते साडेचारच्या दरम्यान. पावसाने जोर धरला दुपारी अडीचच्या सुमाराला. याचा अर्थ असा की सर्वांत मोठा पाऊस आणि बंद दारं एकाच वेळी आली. त्या वेळी तलावात जितकी जागा असेल तितकंच पाणी मावणार, उरलेलं नाल्यातून उलटं घरात येणार. संध्याकाळी गुडघाभर पाणी आमच्या आळीत आलं, आणि रात्री ओहोटीने ओसरूनही गेलं.

या पाण्यावरून आमच्या घरात आजही वाद होतो. आत्या म्हणते, “कलेक्टरने मानसां का नाय पाठवली?” तिच्या मनात कलेक्टर म्हणजे सगळं सरकार. तिला आठवतो तो तिच्या माडीखालचा भिजलेला तांदूळ आणि पंचनाम्याला आलेला माणूस, ज्याने भिंतीवर पाण्याची रेघ मागितली. तिने रेघ आधीच पुसून घर सारवलं होतं.

तहसील कचेरीतून निवृत्त झालेले काका तिला समजावतात. गाव महापालिकेत आलं 1992 ला. तेव्हापासून ग्रामपंचायत नाही. म्हणून नाला, पंप, लोकांना शाळेत हलवणं, हे पहिलं काम महापालिकेचं. जिल्ह्याचं काम पालिकेच्या हाताबाहेर गेल्यावर सुरू होतं: दुसऱ्या तालुक्यातून होड्या आणणं, खाजगी वाहनं ताब्यात घेणं, लष्कराची मदत मागणं. पंचनामाही महसूलचाच. आणि मदतीचे निकष राज्याचे. “2019 ला सांगली-कोल्हापूरच्या वेळी शासन निर्णयात घर दोन दिवस पाण्यात असल्याची अट होती. त्यावरून केवढा गदारोळ झाला! कृष्णेचं पाणी आठवडाभर राहतं, खाडीचं सहा तासांत जातं. अशी अट इथे लावली तर आत्याला काहीच मिळणार नाही.” हे काकांचं बरोबर. पण 2005 साली जिल्ह्याला हे सगळं आपत्ती कायद्यानेच करायचं होतं, असं ते म्हणतात ते चुकीचं. तो कायदा त्या पावसानंतर, डिसेंबर 2005 मध्ये झाला. मुख्यमंत्री राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष, जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष त्यांच्या जोडीला सहअध्यक्ष, ही मांडणी त्यातली. शहरांसाठी वेगळं प्राधिकरण त्यात नव्हतंच.

माझं दुखणं वेगळं आहे. धारण तलावांत वर्षानुवर्षं गाळ साचला. गाळावर तिवरं उगवली. ऑक्टोबर 2005 मध्ये उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला बंदी घातली, आणि ते योग्यच केलं. खाडीकाठाला लाटांपासून आडोसा तिवरांचाच. पण त्यामुळे तलावातला गाळ काढायचा तर महापालिकेला आता किनारा क्षेत्र प्राधिकरण आणि न्यायालय, दोन्हीकडे जावं लागतं. तलाव बांधले सिडकोने, सांभाळायचे महापालिकेने, झाडं वनखात्याची. प्रत्येकाचं कागदावरचं म्हणणं बरोबर असतं आणि दर पावसाळ्यात तलावाची जागा थोडी कमी झालेली असते. एक वीत गाळ म्हणजे तितकं पाणी कुणाच्या तरी घरात. माझ्या मते पुराच्या जबाबदारीची खरी वाटणी पाऊस पडताना होतच नाही, ती उन्हाळ्यात होते, परवानगीच्या अर्जावर. पुराच्या दिवशी तिन्ही पातळ्यांवरची माणसं जीव तोडून धावतात. मला त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

आपत्ती कायद्याच्या 2025 च्या दुरुस्तीने राज्य सरकारला महापालिका असलेल्या शहरांसाठी वेगळं आपत्ती प्राधिकरण नेमता येतं: आयुक्त अध्यक्ष, जिल्हाधिकारी उपाध्यक्ष. काकांना हे पटलेलं नाही. “कलेक्टरला आयुक्ताच्या हाताखाली बसवलं,” असं ते म्हणतात. आत्याला त्यात रस नाही. तिला हवंय की पंचनाम्याला येणाऱ्याने रेघ न मागता शेजाऱ्यांना विचारावं. आणि मला विचारायचंय की त्या प्राधिकरणाच्या टेबलाशी कांदळवनाचा अधिकारीही बसणार का, आणि एप्रिलपर्यंत गाळाच्या परवानगीवर हो की नाही एवढं तरी उत्तर मिळणार का. हे तीन प्रश्न आम्ही गेल्या महिन्यात एका अर्जात लिहिले. काकांनी भाषा सरकारी करून दिली, आत्याने अंगठ्याऐवजी सही केली. अर्ज कुणाच्या नावाने करायचा, यावर मात्र अजून एकमत झालेलं नाही.