ओपन फॉन्ट परवाना : फॉन्टमधील बदल व बदललेल्या आवृत्तीचे वितरण

फॉन्ट वापरण्याची, त्यात बदल करण्याची आणि बदललेली आवृत्ती इतरांना देण्याची परवानगी आगाऊच देऊन ठेवणारा, खास फॉन्टसाठी लिहिलेला परवाना. एसआयएल इंटरनॅशनल या संस्थेतील व्हिक्टर गॉल्टनी आणि निकोलस स्पालिंजर यांनी तो तयार केला. सध्या चालू असलेली १.१ ही आवृत्ती २६ फेब्रुवारी २००७ ची आहे. बोलताना त्याला ‘ओएफएल’ म्हणतात. परवाना जेमतेम दोन पानांचा असून त्यात मोजून पाच अटी आहेत. बदल करणाऱ्याचा खरा संबंध येतो तो नाव, परवान्याची प्रत आणि विक्री या तीन बाबींशी.

एखादा फॉन्ट फुकट मिळाला म्हणजे तो या परवान्याखाली आला असे होत नाही. संगणकाबरोबर आलेले किंवा डीटीपीच्या दुकानांतून पेनड्राइव्हवर हातोहात फिरणारे बहुतेक फॉन्ट बदलण्याची परवानगी कोणालाच नसते. ओएफएलखालचा फॉन्ट ओळखण्याची खूण म्हणजे त्याच्यासोबत येणारी `OFL.txt` ही फाइल, किंवा फॉन्टच्या अंतर्गत माहितीत लिहिलेला परवान्याचा उल्लेख. दोन्ही नसतील तर परवानगी नाही असेच धरून चालावे.

बदल कशाला म्हणायचे हे परवान्याने व्यापक ठरवले आहे. एखादे अक्षर घालणे, काढणे किंवा पालटणे हा बदल झालाच. फाइलचा प्रकार बदलणे किंवा फॉन्ट दुसऱ्या प्रणालीवर चालेल असा करून घेणे हाही बदलच. संकेतस्थळावर फाइल हलकी व्हावी म्हणून फक्त देवनागरी अक्षरे ठेवून बाकीची गाळली, तरी बदललेली आवृत्ती तयार होते. अनेकांना ही गोष्ट ठाऊक नसते. गूगल फॉन्ट्ससारख्या सेवा फॉन्टचे असे तुकडे करूनच पाठवतात; त्यामुळे नव्या फॉन्टवर नाव राखून ठेवू नये, असा त्यांचा आग्रह असतो.

मराठीच्या परिघात या परवान्याचे काम नीट दाखवणारे उदाहरण म्हणजे ‘शोभिका’ हा फॉन्ट. आयआयटी मुंबईच्या ‘सायन्स अँड हेरिटेज इनिशिएटिव्ह’ या प्रकल्पात तो तयार झाला. संस्कृत ग्रंथांसाठी लागणारी १६०० हून अधिक देवनागरी अक्षरचिन्हे, त्यांत ११०० हून अधिक जोडाक्षरे, शिवाय वैदिक स्वरचिन्हे असा त्याचा पसारा आहे. एवढे काम कोऱ्या कागदापासून केलेले नाही. देवनागरी भागाचा पाया राज्य मराठी विकास संस्थेच्या ‘यशोमुद्रा’ फॉन्टचा, तर रोमन भागाचा पाया रशियातील पॅराटाइप कंपनीच्या ‘पीटी सेरिफ’चा आहे. दोन्ही फॉन्ट ओएफएलखाली होते, म्हणूनच ते एकत्र आणता आले. मुंबईतील सरकारी संस्था आणि मॉस्कोतील कंपनी यांच्याशी वेगवेगळे करार करण्याची वेळ आली नाही.

या एका उदाहरणात तीन अटी दिसतात. पहिली म्हणजे परवाना पुढे चालतो : ओएफएलखालचा फॉन्ट बदलून दिला तर तो संपूर्णपणे ओएफएलखालीच द्यावा लागतो, दुसरा कुठलाही परवाना चालत नाही. म्हणून शोभिकाही ओएफएलखालीच आहे. दोन फॉन्टपैकी एकावर जरी फक्त जीपीएल हा सॉफ्टवेअरचा परवाना असता, तरी हक्कदाराच्या वेगळ्या परवानगीवाचून ही जोडणी वैध ठरली नसती. दोन्ही परवाने मुक्त असले तरीही. दुसरी म्हणजे मूळ हक्कसूचना काढता येत नाही. नवा माणूस आपली ओळ खाली जोडतो, वरच्या ओळी तशाच राहतात. तिसरी नावाची. पॅराटाइपने ‘PT Sans’, ‘PT Serif’ आणि ‘ParaType’ ही नावे राखून ठेवली आहेत. त्यामुळे पीटी सेरिफवरून घडलेल्या फॉन्टला वेगळे नाव देणे भाग होते. ‘शोभिका’ हे वेगळेच नाव असल्याने हा प्रश्न आपोआप मिटला. मूळ फॉन्टचे ऋण मात्र माहितीपत्रकात उघडपणे मान्य केलेले आहे आणि तसे करण्यास परवान्याची आडकाठी नाही. मूळ कर्त्याचे नाव श्रेय देण्यासाठी घेता येते. ‘अमुक कंपनीने मान्य केलेली आवृत्ती’ अशी जाहिरात करण्यासाठी घेता येत नाही.

नाव राखून ठेवण्याची सोय ऐच्छिक आहे. हक्कसूचनेत तसे लिहिले असेल तरच ती लागू होते. यामागचे कारण व्यवहारी आहे. एकाच नावाचे दोन वेगवेगळे फॉन्ट फिरू लागले, तर एका संगणकावर जुळवलेला मजकूर दुसऱ्यावर विस्कटतो आणि तक्रारी मूळ कर्त्याकडे जातात. एसआयएलच्याच देवनागरी फॉन्टवर ‘Annapurna’ आणि ‘SIL’ ही नावे राखीव आहेत. त्यात कोणी बदल केला तर त्याला ‘Annapurna Marathi’ किंवा ‘Annapurna Raipur’ म्हणून चालणार नाही, कारण राखीव शब्द नावात राहतोच. हे नाव हवेच असेल तर हक्कदाराची लेखी परवानगी घ्यावी लागते.

रायपूरसारख्या हिंदी भाषेच्या शहरात अशा बदलाची गरज कशी निर्माण होते, हे पाहण्यासारखे आहे. तेथील डीटीपीचे काम मुख्यतः हिंदीतले. मराठी मंडळाची स्मरणिका किंवा मराठी घरातली लग्नपत्रिका त्याच दुकानात जुळते. हिंदी ‘ल’ व मराठी ‘ल’ यांचे वळण वेगळे, पण युनिकोडमध्ये त्यांना एकच क्रमांक आहे, ‘श’चेही तसेच. दोन्ही वळणे देणाऱ्या फॉन्टमध्ये साधारणपणे हिंदी वळण मूळ धरलेले असते आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली असेल तरच मराठी वळण येते. फॉन्टच्या आत ही सूचना साधारण अशी दिसते :

```
feature locl {
  script dev2;
  language MAR;
  sub la-deva by la-deva.mar;
  sub sha-deva by sha-deva.mar;
} locl;
```

दुकानातल्या सॉफ्टवेअरमध्ये भाषा ‘हिंदी’ लावलेली असली, की ही सूचना निजलेलीच राहते आणि अख्खी स्मरणिका हिंदी वळणात छापून येते. योग्य उपाय मजकुराची भाषा बदलण्याचा. पण दर वेळी ते होत नाही. तेव्हा मराठी वळण हेच मूळ धरणारी आवृत्ती करून दुकानाला देणे सोयीचे पडते. ओएफएलखालच्या फॉन्टवर हे करायला कोणालाही विचारावे लागत नाही.

समजा, नाव राखलेल्या एखाद्या फॉन्टवरून अशी आवृत्ती केली आणि तिला रायपूरजवळून वाहणाऱ्या नदीवरून ‘Kharun’ असे नाव दिले. फॉन्टफोर्जसारख्या प्रणालीत दोन अक्षरांची अदलाबदल करणे तासाभराचे काम आहे. चूक होते ती अर्ध्या अक्षरांत. पूर्ण ‘श’ बदलला आणि अर्धा ‘श्’ तसाच राहिला, तर ‘शाळा’ मराठी वळणाने आणि ‘निश्चय’ हिंदी वळणाने दिसतो. ‘कल्पना’, ‘उल्लेख’, ‘पश्चिम’ असे शब्द छापून पाहिले की हे लगेच उघडे पडते. परवान्याला अर्थात या चुकीशी देणेघेणे नाही. त्याला नावाशी आहे.

फॉन्टचे नाव एका ठिकाणी नसते. `name` या तक्त्यात क्रमांक १ ला कुटुंबाचे नाव, ४ ला पूर्ण नाव, ६ ला पोस्टस्क्रिप्ट नाव असते. काही फॉन्टमध्ये १६ व्या जागीही कुटुंबाचे नाव पुन्हा येते. क्रमांक ० ला हक्कसूचना, १३ व १४ ला परवाना आणि त्याचा पत्ता. पहिल्या चारही जागी नवे नाव घालायचे आणि शेवटच्या तीन जागांतले काही पुसायचे नाही, असा साधा हिशेब आहे. परवान्याचा रोख वापरणाऱ्याला दिसणाऱ्या मुख्य नावावर असला, तरी सहावा क्रमांक विसरणे ही नेहमीची चूक. मेनूत ‘Kharun’ दिसते, पण पीडीएफच्या गुणधर्मांत फॉन्टची यादी उघडली की जुने नाव डोकावते. फाइल पाठवण्यापूर्वी हा तक्ता वेगळा काढून वाचता येतो :

```
ttx -t name -o nave.ttx Kharun-Regular.ttf
```

हक्कसूचनेत मूळ ओळ अक्षरशः तशीच ठेवून तिच्याखाली वर्ष आणि बदल करणाऱ्याचे नाव येते. हवे असल्यास तो ‘Kharun’ हे नाव स्वतःसाठी राखून ठेवू शकतो. मूळ ओळीतली राखीव नावे मात्र त्याला काढता येत नाहीत. ही सूचना आणि परवान्याचा पूर्ण मजकूर प्रत्येक प्रतीबरोबर जायला हवा; वेगळी फाइल चालते, किंवा फॉन्टच्या आत सहज वाचता येईल अशी नोंदही चालते. व्हॉट्सॲपवर नुसती `.ttf` फाइल पुढे ढकलणाऱ्याची अट आतल्या नोंदीवरच निभावते, म्हणून ती नोंद शाबूत हवी. काय बदलले, कधी आणि कोणी, हे `FONTLOG.txt` मध्ये लिहून ठेवण्याची शिफारस आहे, सक्ती नाही. बदल मूळ कर्त्याला कळवण्याची किंवा संपादनाच्या मूळ फाइली उघड करण्याचीही सक्ती नाही. फक्त स्वतःच्या दुकानापुरता केलेला बदल बाहेर द्यावा लागत नाही.

विक्रीची अट ऐकायला कडक, पण व्यवहारात सैल आहे. मूळ किंवा बदललेला फॉन्ट, किंवा त्याचा एखादा भाग, सुटा विकता येत नाही. कुठल्याही सॉफ्टवेअरबरोबर मात्र तो देता आणि विकता येतो. एसआयएलच्या स्पष्टीकरणानुसार सोबतचा प्रोग्राम अगदी क्षुल्लक असला तरी चालतो. बदल करून देण्याच्या कामाची मजुरी घेण्यासही हरकत नाही. रायपूरच्या दुकानदाराने ‘Kharun’ घडवणाऱ्याला पैसे मोजले, तर ते त्याच्या श्रमाचे. पण तयार झालेली फाइल शेजारच्या दुकानाला किंमत लावून विकणे मात्र अटीत बसत नाही.

पाचांपैकी कोणतीही अट मोडली तर परवाना रद्दबातल ठरतो. मग मोडणाऱ्याकडे फॉन्टचा बदल किंवा वितरण करण्याची परवानगी उरत नाही आणि प्रकरण साध्या कॉपीराइटच्या पातळीवर येते. फॉन्ट जसा आहे तसा दिलेला असतो. त्यातील दोषांची हमी मूळ कर्ता घेत नाही.

फॉन्ट वापरून तयार केलेल्या दस्तऐवजाला यातले काहीच लागू होत नाही. स्मरणिकेचा मजकूर, पत्रिकेची पीडीएफ, छापील पुस्तक किंवा दुकानाची पाटी यांवर परवान्याचा उल्लेख करावा लागत नाही आणि ती कितीही किमतीला विकता येतात. अटी लागतात त्या फॉन्टची फाइल हातातून हातात जाते तेव्हा.