दोन पंचांगे आणि एक पौर्णिमा



पांढुर्ण्याची गोटमार पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भरते, हे येथे कोणास सांगावयास नको. मात्र इंग्रजी तारखेने पाहिले तर ती 2023 मध्ये 15 सप्टेंबरला, 2024 मध्ये 3 सप्टेंबरला आणि 2025 मध्ये 23 ऑगस्टला आली. ही घसरण अशीच चालू राहती तर पोळा काही वर्षांत भर उन्हाळ्यात आला असता. तो येत नाही, कारण मध्येच धोंड्याचा महिना येतो आणि सणाला पुन्हा त्याच्या ऋतूत नेऊन बसवतो. ही युक्ती आपल्याप्रमाणेच यहुदी लोकांनीही योजिली. त्यांच्यातील बेने इस्राएल हा समाज तर कोकणात राहणारा आणि मराठी बोलणारा. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी हा विषय निवडला.

बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे 354 दिवसांचे, म्हणजे सौरवर्षाहून अकरा दिवसांनी तोकडे असते. वल्हांडण, ज्यास हिब्रूत पेसाह म्हणतात, तो निसान महिन्याच्या पंधराव्या दिवशी येतो आणि वसंतातच झाला पाहिजे, अशी धर्माज्ञा आहे. पूर्वी जेरुसलेमची धर्मसभा शेतातील जव कितपत पिकला आहे हे पाहून महिना वाढवावयाचा की नाही ते ठरवी. पुढे गणिताचा नियम आला. इ.स. 359 च्या सुमारास दुसऱ्या हिलेलने तो प्रसिद्ध केला, असे परंपरा मानते. या नियमानुसार एकोणीस वर्षांच्या चक्रात तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, अकराव्या, चौदाव्या, सतराव्या आणि एकोणिसाव्या वर्षी निसानपूर्वीचा अदार महिना दोनदा येतो.

आपल्याकडेही एकोणीस वर्षांत साधारण सातच अधिक मास येतात. मग दोन पंचांगांत भेद कोठे? आपल्याकडे ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही, तो अधिक ठरतो. म्हणून तो कधी श्रावण, तर कधी आश्विन असतो. हिब्रू पंचांगात मात्र वाढीव महिन्याची जागा कायमची ठरलेली आहे. तो हिवाळ्याच्या अखेरीसच येतो.

या एका भेदाचा परिणाम एका उदाहरणाने पाहू. 2020 साली वल्हांडण 9 एप्रिलला, म्हणजे आपल्या चैत्री पौर्णिमेच्या सुमारास आला. त्याच वर्षी आपल्याकडे अधिक आश्विन पडला. हिब्रू चक्रातील वाढीव अदार मात्र 2022 च्या आरंभीपर्यंत यावयाचा नव्हता. त्यामुळे 2021 मध्ये आपला चैत्र एक महिना पुढे सरकला आणि निसान मागे राहिला. वल्हांडण 28 मार्चला आला, आणि त्याच दिवशी आपल्याकडे होळी पेटली! पुढे 2022 मध्ये वाढीव अदार येऊन गेल्यावर वल्हांडण 16 एप्रिलला, पुन्हा हनुमान जयंतीच्या दिवशी आला.

हनुक्काची कथाही तशीच आहे. तो किस्लेव महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी सुरू होतो. 2020 मध्ये हा पहिला दिवस 11 डिसेंबर होता, 2021 मध्ये 29 नोव्हेंबर आणि 2022 मध्ये 19 डिसेंबर. आधी बारा दिवस मागे, नंतर वीस दिवस पुढे. अर्थात हिब्रू तिथीने हे सण मुळीच हलत नाहीत. हलतो तो त्यांच्या शेजारी ठेवलेला इंग्रजी दिनांक.

आता बेने इस्राएलांकडे वळू. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत कोचीनच्या यहुदी शिक्षकांनी त्यांना हिब्रू परंपरेचे शिक्षण दिले. त्यापूर्वी त्यांचे सण मराठी नावांनी चालत असत. वल्हांडणास ते अनशी धाकाचा सण म्हणत आणि पुरीमास होळीचा सण. पुरीम अदारच्या चौदाव्या दिवशी, वाढीव वर्षात दुसऱ्या अदारात येतो. तो बहुधा फाल्गुनी पौर्णिमेलाच येत असल्याने हे नाव सहज रूढ झाले असावे, असे मला वाटते.

हनुक्का मात्र त्यांच्या जुन्या सणांत नव्हता. हा सण इ.स.पू. 164 मधील जेरुसलेमच्या मंदिराच्या पुनःशुद्धीचा. म्हणून त्यांचे पूर्वज त्यापूर्वीच निघाले असले पाहिजेत, असे अनुमान काढले गेले. हे अनुमान मोहक आहे. पण एखाद्या सणाचा अभाव हा पुरावा नव्हे. सण विस्मरणातही जातात.

पंचांगांची आजची सांगड भूतकाळावर जशीच्या तशी लादणेही बरोबर नाही. आपले वर्ष नक्षत्रांवर बेतलेले, हिब्रू वर्ष एकोणीस वर्षांच्या चक्रावर. दोहोंत सरासरीने शंभरेक वर्षांत एका दिवसाचे अंतर पडते. हजार वर्षांपूर्वी कोकणात होळी आणि पुरीम किती वेळा एकत्र आले असतील, हे आजच्या कॅलेंडरवरून सांगता येणार नाही. त्यासाठी त्या काळाचे गणित पुन्हा मांडावे लागेल. तिथी जुळली म्हणून इतिहास जुळला, असे समजण्याची घाई अभ्यासकाने करू नये, एवढेच सांगून मी थांबतो.